कुमुद वाघचौरे ध चा मा करत नाही

नाशिकला त्र्यंबक रोडवर टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लिफ्टच्या एका कंपनीचं तक्रार केंद्र आहे. खाली दिवसभर टायर आपटतात आणि वर दिवसभर माणसं तक्रारी आपटतात. त्या तक्रारी झेलायला खिडकीजवळच्या टेबलावर कुमुद वाघचौरे बसते. वय चाळिशीच्या पुढे, केसांचा घट्ट अंबाडा, कानाला हेडफोन आणि समोर चिवड्याचा डबा. त्या डब्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. एकदा नव्या मुलाने लावला होता, त्याला अजून आठवण आहे.

काम ऐकायला सोपं. सोसायट्यांचे लोक मराठीत कळवतात, कुणी फोनवर, कुणी व्हॉट्सअॅपवर. कुमुदने त्याची इंग्रजीत नोंद करून चेन्नईला पाठवायची. तिथे कार्तिगेयन नावाचा एक इंजिनियर बसतो. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही. समोर आलेली इंग्रजी नोंद वाचून तो ठरवतो की एकटा मेकॅनिक पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन जाईल की दोघं जण वजनं, अवजारं घेऊन जातील, आज जातील की परवा. म्हणजे तक्रार करणारी बाई नाशिकला आणि तिचं नशीब ठरवणारा चेन्नईला, आणि मधल्या सगळ्या रस्त्यावर एकटी कुमुद.

बाकीच्या टेबलांवर नोंद दीड ओळीत उरकते. लिफ्ट अडकली, दार लागत नाही, आवाज येतो, यातलं एक निवडायचं, पत्ता टाकायचा, संपलं. कुमुदची नोंद मात्र तब्येतीने लिहिलेली असते. माणसाने स्वतः काय पाहिलं ते वेगळं. ऐकीव काय ते वेगळं, आणि ऐकीव आहे असं म्हणून. त्याला काय हवंय आणि काय नकोय. त्याला काय माहीत नाही, तेही. खाली मूळ मराठी मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला. एवढं झालं की पाठवायच्या आधी ती त्या माणसाला फोन लावते आणि आपण इंग्रजीत काय लिहिलंय ते मराठीत ऐकवते. चुकलं असेल तर सांगा म्हणते. पुष्कळ लोक बरोबर आहे म्हणून फोन ठेवतात, पण काही ना काही सुधारून घेणारेही निघतातच.

तिचा साहेब निखिल सोमवंशी याला हे उलटं वाचून दाखवणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं वाटे. तो तिच्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, नेटका शर्ट, वाईट माणूस नव्हे. पण त्याच्या भिंतीवर आलेख लावलेला होता आणि त्या आलेखात कुमुदची रेघ कायम तळाला. कुमुदताई, तक्रार घ्यायची आहे, चरित्र लिहायचं नाही, असं तो महिन्यातून एकदा म्हणायचा. आणि कुमुद महिन्यातून एकदा त्याला सांगायची की सर, माणसाने शंभर शब्द दिले आणि मी दहा पोचवले तर बाकीचे नव्वद मी खाल्ले असा त्याचा अर्थ होतो, आणि मला चिवडा पुरतो.

हा ताठा तिने विकत घेतलेला नव्हता. तो घरातून आला होता. तिचे वडील सिन्नरजवळच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. एका दिवशी प्रेस आपोआप खाली आला आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी बटण दाबलं नव्हतं, हे त्यांनी पाळीच्या साहेबाला स्वच्छ मराठीत सांगितलं, शुद्धीवर असताना सांगितलं. साहेबाने इंग्रजीत लिहिलं की कामगाराने मशीन चालू असताना हात घातला. वडिलांनी डाव्या हाताने खाली सही केली. वाचता येत नव्हतं, आणि आपण बोललो तेच लिहिलं असणार असा त्यांचा भाबडा समज. पुढे भरपाईच्या वेळी तोच कागद त्यांच्या तोंडावर फेकला गेला. कुमुद तेव्हा नववीत होती आणि घरात इंग्रजी वाचू शकणारी एकटीच. तो कागद बापाला मराठीत वाचून दाखवायचं काम तिच्यावर आलं. ते वाचताना बापाचा चेहरा कसा झाला, हे ती कुणाला सांगत नाही. पण इंग्रजी तिने त्यानंतर सूड घेतल्यासारखं शिकून घेतलं.

तर अशा या कुमुदच्या टेबलावर इंदुमती कर्डिले यांचा निरोप येऊन पडला.

इंदुमतीबाई इंदिरानगरच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर एकट्या राहतात. गुडघे गेलेले, हातात वॉकर. आयुष्य एसटीच्या डेपोत गेलं. ड्रायव्हर गाडी लावून आले की ब्रेक ओढतोय, स्टेअरिंग जड येतंय, असं जे सांगतील ते लिहून वर्कशॉपला द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या आधीच्या दोन तक्रारी शेजारच्या टेबलावरच्या पूर्वाने घेतल्या होत्या. पूर्वाला घाई होती, आलेखात तिची रेघ वर होती. तिने दोन्ही वेळा ‘लिफ्ट अडकली’ हे निवडलं. दोन्ही वेळा इम्तियाज मेकॅनिक गेला, दुपारच्या शांत वेळी रिकाम्या लिफ्टमधून वरखाली फिरला आणि लिफ्ट उत्तम चालू आहे, दोष आढळला नाही, असा शेरा मारून आला. त्यात त्याची काय चूक? अडकलेली लिफ्ट बघायला त्याला पाठवलं होतं, आणि ती अडकलेली नव्हती. इंदुमतीबाईंच्या नावापुढे मात्र ‘वारंवार तक्रार करणारी व्यक्ती’ अशी खूण पडली. पूर्वा बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून तिसरा निरोप कुमुदकडे आला. तो असा:

“नमस्कार. मी इंदुमती कर्डिले. लिफ्ट अडकत नाही. अडकते असं मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. लिफ्ट मजल्यावर नीट येऊन थांबते, दार उघडतं, पाचसहा माणसं आत शिरली की दार उघडंच असताना ती हळूहळू खाली बसते. वीतभर तरी. काल संध्याकाळी माझा वॉकर अर्धा आत आणि अर्धा बाहेर होता. रिकामी असली की हे होत नाही. वरच्या खोलीतून घरघर ऐकू येते असं मुलं म्हणतात, ती मी ऐकलेली नाही, तेव्हा माझ्या नावावर घालू नका. कारण मला ठाऊक नाही, ते शोधणं तुमचं काम. तोवर लिफ्ट बंद ठेवा. मला जिना उतरता येत नाही, हे लक्षात ठेवूनच सांगते आहे.”

कुमुदने ते एकदा वाचलं आणि हेडफोन काढून ठेवला. असा निरोप लिहिणारं माणूस तिला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. मग तिने इंग्रजीत सगळं उतरवलं. लिफ्ट अडकत नाही, हे सगळ्यात वर. माणसं भरली की खाली बसते, रिकामी असताना नाही. दार उघडं असताना. बाईंनी स्वतः पाहिलंय. घरघर ऐकीव. कारण माहीत नाही. मागणी एकच, तपासणी होईपर्यंत बंद ठेवा, आणि ही मागणी करणाऱ्या बाईंना स्वतः जिना उतरता येत नाही. आधीच्या दोन नोंदी आणि बाईंचं म्हणणं जुळत नाही, हेही तिने लिहिलं. शेवटी, बाई घाबरलेल्या आहेत, असं एक वाक्य टाकलं. मग वाचून दाखवायला फोन लावला, तर कुणी उचलेना. दुपारची वेळ, बाई आडव्या झाल्या असतील. नोंद न पाठवता तशीच पडद्यावर ठेवून ती चहाला गेली.

परत येते तर निखिल तिच्या टेबलाशी नोंद वाचत उभा.

कंपनीचा एक नियम होता, आणि नियम चांगलाच होता. दार उघडं असताना लिफ्ट हलली असं नोंदीत आलं की ती लिफ्ट ताबडतोब बंद करायची, तपासणी होईपर्यंत उघडायची नाही आणि सरकारी लिफ्ट निरीक्षकाला कळवायचं. अशी घटना झाली की त्या शाखेच्या नावावर वर्षभर काळी खूण राहते. निखिलच्या बढतीचं त्याच महिन्यात ठरायचं होतं. त्यात सोसायटीचे अध्यक्ष भालेराव यांचा फोन येऊन गेलेला. रविवारी गच्चीवर त्यांच्या मुलीचा साखरपुडा, दीडशे माणूस वर न्यायचंय, तेव्हा लिफ्टला हात लावाल तर बघा, असा दम. म्हातारीच्या नादी लागू नका, तिला उद्योग नाही, हेही त्यांनी जोडलं होतं.

निखिलने खुर्ची ओढली, भालेरावांचा फोन सांगितला आणि गोड आवाजात सुरुवात केली. लिफ्ट मजल्याला समतल थांबत नाही असं लिहू, म्हणजे खोटंही नाही. मेकॅनिक परवा जाईल, बघेल, साखरपुडा पार पडेल. कुमुदने विचारलं की दाराचं काय. त्यावर निखिल जे बोलला ते तिने शब्दनशब्द लक्षात ठेवलं.

“ते एवढं दार उघडं असल्याचं वाक्य गाळा ना, ताई. ती बाई काय इंग्रजी वाचायला येणारे? कुणाला कळतंय?”

कुणाला कळतंय. कुमुदच्या डोक्यात एक सणक गेली. सिन्नरच्या त्या साहेबाने नेमकं हेच म्हटलं असणार, फक्त मनातल्या मनात.

“मला कळतंय,” ती म्हणाली. “दीडशे माणसं त्याच लिफ्टने जाणार आणि मी तेच वाक्य गाळू? नाही जमणार, सर.”

निखिलचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्याने पवित्रा बदलला. नोंदीत तुम्ही पदरचं घालताय, म्हणाला. म्हातारं माणूस काहीतरी सांगतं आणि तुम्ही त्याला भीषण करून लिहिता, मूळ तक्रार एवढी नसणारच. आता मात्र कुमुदने आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, आणि तिला ओळखणाऱ्यांना यातला फरक चांगला ठाऊक आहे. पदरचं असेल तर काढू, ती म्हणाली. ज्यांची तक्रार आहे त्यांनाच विचारू, तुमच्यासमोर. तिने फोन स्पीकरवर टाकून नंबर लावला. आजूबाजूच्या टेबलांवरचं टायपिंग आपोआप थांबलं.

या वेळी फोन उचलला गेला. कुमुदने नाव सांगितलं, साहेब शेजारी बसून ऐकताहेत हेही सांगितलं, आणि नोंद मराठीत वाचायला लागली. एकेक वाक्य, मध्ये थांबून. पलीकडून नुसतं “हं” येत होतं, पेपर तपासणाऱ्या बाईसारखं. दाराचं वाक्य आलं तेव्हा कुमुद मुद्दाम थांबली.

“हं. दार उघडं होतं. पुढे,” इंदुमतीबाई म्हणाल्या.

शेवटचं वाक्य आलं, बाई घाबरलेल्या आहेत.

“थांब गं बाई,” पलीकडून आवाज कडाडला. “हे कुठून काढलंस? मी घाबरले असं कुठे लिहिलंय?”

निखिलच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. त्याने हात पसरून सगळ्या टेबलांकडे पाहिलं, जणू म्हणत होता, बघा.

“नाही लिहिलेलं, मावशी,” कुमुद म्हणाली. “ते माझ्या मनचं आलं. चुकलं.”

“मग खोड. मी घाबरले नाही, चिडलेय. घाबरलेल्या म्हातारीला लोक पाणी पाजतात आणि घरी पाठवतात. चिडलेय असं लिही.”

कुमुदने तिथल्या तिथे वाक्य खोडलं, चिडलेल्या आहेत असं घातलं आणि पुन्हा वाचलं. बरोबर, असं उत्तर आलं. मग तिने निखिलकडे वळून विचारलं की पदरचं तेवढं निघालं, आता आणखी काही पदरचं वाटतं का. त्याने खुर्ची मागे सरकवली. तिने त्याच्यासमोर नोंद पाठवली, खाली स्वतःचं नाव घालून.

थोड्याच वेळात चेन्नईहून कार्तिगेयनचा फोन आला. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. भरल्यावरच बसते, हे बाईंनी स्वतः पाहिलंय ना? आणि रिकामी असताना नाही, हे त्यांनीच सांगितलं की तू अंदाज केलास? त्यांनीच, आणि मूळ मजकूर खाली आहे, कुणाकडूनही वाचून घ्या, असं कुमुदने सांगितलं. मग आधीच्या दोन वेळा माझा माणूस चुकीची गोष्ट शोधत होता, असं म्हणून त्याने फोन ठेवला. संध्याकाळच्या आत लिफ्ट बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी इम्तियाजबरोबर आणखी एक माणूस आणि वाळूची पोती गेली.

रिकामी लिफ्ट नेहमीसारखी शहाण्यासारखी उभी राहिली. पोती एकेक करून आत ठेवली, तशी ती दार उघडं टाकून खाली सरकली. वर मशीनच्या खोलीत ब्रेकचे पट्टे झिजलेले निघाले आणि त्यावर तेल उतरलेलं. रिकाम्या लिफ्टला तो ब्रेक कसाबसा धरत होता, भरलेलीला त्याच्यात दम उरला नव्हता. इम्तियाजने खाली येऊन कुमुदला फोन केला आणि आधी एक शिवी हासडली, ती कुणाला उद्देशून होती ते कळलं नाही. मग म्हणाला, “ताई, रविवारी कुणाचा तरी पाय गेला असता.”

आता कुणी म्हणेल, झालं, कुमुदला हार घातले असतील. हार कुठले! साखरपुडा हॉलवर न्यावा लागला म्हणून भालेराव थयथयाट करत होते. निरीक्षकाला कळवावं लागलं आणि शाखेच्या नावावर काळी खूण पडली. पट्टे चेन्नईहून यायचे म्हणून लिफ्ट बरेच दिवस बंद राहिली. इंदुमतीबाई वर अडकल्या. त्यांचा पुढचा निरोप आला तो असा की वाचणाऱ्याच्या कानातले किडे झडावेत. पट्टे काय विलायतेहून येताहेत का, भाजीवाल्याला दोरीने पिशवी वर पाठवायला लावतेय, आणि तुमच्या टेबलावरची ती वाघचौरे शुक्रवारपर्यंत होईल म्हणाली होती, तिने थापा मारणं बंद करावं. कुमुदने ते सगळं इंग्रजीत लिहिलं. विलायत, दोरी, पिशवी आणि वाघचौरेच्या थापाही. फोन करून वाचूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, थापाचं घातलंस ना? घातलं, मावशी. मग ठीक आहे.

आणि त्याच आठवड्यात निखिलने कुमुदला मेमो दिला. वरिष्ठांच्या सूचनेविरुद्ध नोंद पाठवली, तिचं स्पष्टीकरण थेट चेन्नईच्या मुख्य कचेरीला इंग्रजीत द्यावं, अन्यथा कारवाई. लिफ्टचं खरं निघालं तरी सूचना मोडल्याचं उरतंच, असा त्याचा हिशेब. ती रडेल, माफी मागेल, मग आपण मोठ्या मनाने प्रकरण मिटवू आणि पुढे आलेख सरळ होईल, असंही त्याला वाटलं असावं. नोकरी जाण्याची शक्यता खरी होती. कुमुदचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, मुलगी इंजिनियरिंगला. दोन दिवस तिने चिवड्याचा डबा उघडला नाही. ती घाबरली होती, आणि इंदुमतीबाईंसारखं ते खोडून चिडलेय असं लिहिणं तिला जमत नव्हतं. घाबरलेली आणि चिडलेली, दोन्ही.

तिसऱ्या दिवशी तिने स्पष्टीकरण लिहिलं आणि निखिलच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच ठेवलं.

“सर, लिहून झालंय. पाठवायच्या आधी वाचून दाखवते. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे.”

निखिल खुर्चीत रेलून बसला. माफीनामा ऐकायला माणूस बसतो तसा.

कुमुदने कागद धरला आणि इंग्रजीतलं मराठीत वाचायला सुरुवात केली. “विनंती करणारे, निखिल सोमवंशी. विनंती मराठीत, तोंडी, माझ्या टेबलाशी. विनंती अशी की दार उघडं असल्याचं वाक्य गाळा, ती बाई इंग्रजी वाचायला येणार नाही, कुणाला कळतंय. विनंती करणाऱ्यांनी लिफ्ट स्वतः पाहिलेली नाही. रविवारी साखरपुडा आहे हे त्यांना भालेराव यांच्याकडून ऐकून ठाऊक होतं. वाक्य गाळल्यावर माणसांचं काय होईल, याबद्दल ते काही बोलले नाहीत. बढतीचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, हे ते बोलले नाहीत, म्हणून मी लिहिलेलं नाही. विनंती मी मान्य केली नाही. विनंती करणारे शांत होते, नंतर चिडले. खाली मूळ मराठी वाक्य जसंच्या तसं जोडलं आहे.”

तिने कागद खाली घेतला. बाहेर टायरवाल्याने काहीतरी आपटलं, आत कुणाचंही टायपिंग चालू नव्हतं.

“यात पदरचं काही असेल तर सांगा, सर. आत्ता खोडते.”

निखिल टेबलावर पुढे वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाला, “ताई, हे पाठवू नका.”

कुमुदने कानावरचं पेन काढलं.

“हेही लिहू?”